कवडू : सातवीतल्या एका मुलाच्या नावाचं प्रकरण

नागपुरातल्या एका शाळेत मी समुपदेशक आहे. हे प्रकरण तिथलंच. आडनाव, शाळा, गाव, घरच्यांची ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे. मुलाचं नाव मात्र ठेवावं लागलं, कारण ते बदललं तर सांगायला काही उरत नाही.

माझ्याकडे तक्रार घेऊन आले ते गणिताचे सर. सातवीत एक मुलगा हजेरीच्या वेळी आपलं नाव उच्चारूच देत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याच्या आधीच्या मुलाचा 'हजर' संपतो न संपतो तोच हा 'हजर सर' म्हणून मोकळा. सरांना आधी तो आगाऊपणा वाटला. मग त्यांच्या लक्षात आलं की वह्यांवरचे लेबलसुद्धा हा फाडतो आणि त्या जागी बॉलपेनने नुसतं 'के.' लिहितो. मुलाचं नाव कवडू. वय बारा. अभ्यासात बरा, कबड्डीत चांगला, राहायला उमरेड रोडकडे, वडील एका गोदामात सुपरवायझर, आई शिवणकाम करते, घरात आजी.

विदर्भाबाहेरच्या वाचकांना हे नाव चमत्कारिक वाटेल. इकडे खेड्यापाड्यात ते चांगलंच रुळलेलं आहे. जुन्या मतदार याद्या चाळल्या तर कवडू, उकंडा, फकिरा, नथ्थू, कचरू ही नावं पानोपानी दिसतात. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या सातवीत, जिथे आरव आणि विहान चार-चार आहेत, तिथे मात्र कवडू एकटाच असतो.

चिडवणं सुरू झालं ते पाचवीत, 'कवडी' या हाकेने. सहावीत 'फुटकी कवडी' झालं. दोन्ही गोष्टी तो हसण्यावारी नेत होता. बिघडलं ते सातवीच्या दिवाळीनंतर. त्या वर्षी संत्र्याचे भाव पडले होते आणि कुणीतरी घरच्या पेपरातला मथळा कापून आणला : 'संत्री कवडीमोल'. संत्र्यावर फुली मारून त्याच्या बाकावर गोंदाने चिकटवला. मग रोज सकाळी कळमन्याच्या घाऊक बाजारावरून नवा सवाल. "अबे कवडी, कळमन्यात आज भाव काय निघाला तुया?" सगळा मागचा बाक हसायचा. यात मारहाण नव्हती, शिवी नव्हती. म्हणून कुठल्याच शिक्षकाला हस्तक्षेप करावासा वाटला नव्हता. उलट एका शिक्षकांनी वर्गात वाक्प्रचार शिकवताना 'कवडीचीही किंमत नसणे' हा फळ्यावर लिहिला, त्याचा वाक्यात उपयोग करायला सांगितलं, आणि पोरांनी तो केला.

अशा तक्रारीत मी पहिल्यांदा एकच गोष्ट विचारते : "ते असं म्हणतात तेव्हा तू काय म्हणतोस?" कवडू म्हणाला, "माझ्या पणजोबांचं नाव आहे म्हणतो." मग ते काय म्हणतात? "म्हणतात, पणजोबा पण फुटके होते काय बे."

हे उत्तर त्याला घरून मिळालं होतं. तो पहिल्यांदा रडत घरी गेला तेव्हा बाबांनी सांगितलं होतं, पणजोबांचं नाव आहे, अभिमान बाळग. पण या उत्तराने काहीच सुटत नाही. पणजोबांचं नाव असं का, हा प्रश्न तसाच राहतो आणि थट्टेला आणखी एक माणूस मिळतो. मुलाकडे एक पायरी खालचं उत्तर नव्हतं. वडिलांकडेही नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्यांनी तरी कधी विचारलं होतं? त्यांना आठवणारे पणजोबा म्हणजे धोतर, तंबाखू आणि बैलांच्या पाठीवर हात फिरवणारा एक म्हातारा. त्या नावात विचारण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

आईचं म्हणणं वेगळं होतं. "मॅडम, बदलून टाकू. कबीर करू. क वरूनच आहे." नाव बदलणं फार कठीण नाही. वडिलांनी प्रतिज्ञापत्र करून राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्यायची, मग त्या आधारे शाळेमार्फत दाखल रजिस्टरमध्ये दुरुस्तीची मंजुरी घ्यायची. दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव छापून येण्याआधी हे उरकलेलं बरं, नंतर फार हेलपाटे पडतात. मी त्यांना थोडं थांबायला सांगितलं. बदलू नका असं माझं म्हणणं नव्हतं. पण मुलगा चिडवणाऱ्यांना भिऊन नाव टाकतोय की विचार करून, हे त्याचं त्याला कळलेलं नव्हतं. शिवाय बाकावरची पोरं तीच राहणार होती. त्यांनी कबीरला दुसऱ्या दिवशी 'जुना कवडी' म्हटलं असतं.

फाईल

पुढचा भाग मी घडवून आणला नाही, तो आपसूक घडला. कवडूची चुलत बहीण बारावीनंतर फार्मसीला जाणार होती आणि तिच्या जात वैधता प्रमाणपत्रासाठी मोठ्या काकांनी कागद गोळा केले होते. महाराष्ट्रात ओबीसी दाखल्याची पडताळणी करताना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा दाखवावा लागतो. तो जितका जुना तितका बरा, म्हणून लोक आजोबा-पणजोबांचे कागद खणून काढतात. नागपूर, भंडारा, वर्धा, चांदा या जुन्या मध्य प्रांतातल्या जिल्ह्यांत त्यासाठी दोन कागद सोन्यासारखे मानले जातात. एक कोतवाल बुक, दुसरा शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. कोतवाल गावातल्या जन्म-मृत्यूची खबर ठेवायचा. त्या नोंदीत तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी एवढंच असतं. बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच, कारण नोंद व्हायची तेव्हा बारसं झालेलं नसायचं.

यामुळे वैधतेच्या कामात एक नेहमीची अडचण येते. कागदावर 'मुलगा' आहे, पण तो मुलगा म्हणजे आपलेच पणजोबा हे सिद्ध कसं करायचं? मग दाखल-खारीज रजिस्टरमधली जन्मतारीख कोतवाल बुकातल्या तारखेशी जुळवावी लागते. दोन्हीकडे बापाचं नाव आणि जात एकच निघाली पाहिजे. काकांनी हे सगळं नीट केलं होतं. तहसील कार्यालयातून मिळालेल्या नकला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, सगळं एका निळ्या प्लास्टिकच्या फाईलमध्ये. एका सुट्टीच्या दिवशी ताईने कवडूला वंशावळीचा तक्ता दाखवला. सर्वांत खाली ती स्वतः, तिच्या शेजारी चुलत भावंडं, आणि वरून दुसऱ्या चौकटीत 'कवडू'. तोच शब्द खालच्या ओळीतही.

त्याने ती फाईल मला दाखवायला आणली. काकांची परवानगी घेऊन, आणि दप्तरात घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्यात घालून. आम्ही ती दोघांनी मिळून वाचली.

दाखल-खारीज रजिस्टरची नक्कल १९२८ ची होती. तिथे सरळ लिहिलं होतं : 'कवडू वल्द' आणि पुढे बापाचं नाव, जात, धंदा शेती, जन्मतारीख फेब्रुवारी १९२१. कोतवाल बुकात फेब्रुवारी १९२१ च्या पानावर त्याच बापाच्या नावापुढे नुसतं 'मुलगा'. तारीख जुळत होती. इथवर कवडूला मजा वाटत होती, त्याने दोन्ही तारखांखाली बोट ठेवून तीनदा ताडून पाहिलं.

पण काकांनी आणखीही पानं काढली होती. त्या बापाचं नाव आणि जात जिथे जिथे दिसली त्या सगळ्या नोंदींच्या नकला त्यांनी मागितल्या होत्या, पुरावा भक्कम व्हावा म्हणून. त्यात मृत्यूच्या नोंदी होत्या. १९१४ : मुलगी, वय आठ महिने, ताप. १९१६ : मुलगा, वय दोन वर्षे, देवी. नोव्हेंबर १९१८ : मुलगा, वय एक वर्ष, ताप. शेवटच्या पानावर वरपासून खालपर्यंत कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, ताप, ताप, ताप. तो इन्फ्लुएन्झा. १९१८ च्या त्या साथीचा सगळ्यात जबर तडाखा ज्या प्रांतांना बसला त्यांत आपला मध्य प्रांत आणि वऱ्हाड होता, आणि खेड्यात कोतवालाच्या लेखी प्रत्येक तापाचं नाव तापच होतं. साथ सोडून दिली तरी त्या काळी आपल्या प्रांतात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे दोनशेहून जास्त वर्षाच्या आत जात होती.

कवडूने ते पान बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "हे तीनही त्यांचे भाऊबहीण होते?" हो म्हटलं. "आणि मग ते झाले?" हो. "मग त्यांचं नाव असं का ठेवलं? ते तर जगले ना."

मला उत्तर माहीत होतं. या चालीबद्दल मी ऐकलेलं, वाचलेलं होतं. तरीही मी त्याला आजीला विचारायला पाठवलं. त्याच्या घरातली गोष्ट माझ्या तोंडून कळली असती तर ती 'मॅडमनी सांगितलेली माहिती' झाली असती.

आजीचं सांगणं

आजी म्हणजे त्या पणजोबांची धाकटी सून. लग्न होऊन आली तेव्हा सासरे पन्नाशीत होते. तिने ही हकिकत खुद्द त्यांच्या तोंडून आणि आतेसासूकडून ऐकलेली. पुढे ती शाळेत आली तेव्हा माझ्यासमोर पुन्हा सांगितली. जमेल तेवढी तिच्या शब्दांत देते.

"तीन लेकरं गेली न् बाई त्या माउलीचे. चौथं झालं तं घरात कोनी हसे ना. सासूनं पोट्ट्याले सुपात घातलं आन् थेट उकिरड्यावर नेऊन ठेवलं. सुईण मागच्या वाटेनं आली. तिनं उचललं, म्हणे, हे कोनी टाकलं? हे तं मले सापडलं. मंग सासू म्हणे, दे आम्हाले. ती म्हणे, फुकट नाई देत. मंग एक कवडी देल्ली तिले, आन् पोरगं इकत घेतलं. तवापासून कवडू."

मतलब असा, की मूल आपलं नाही, टाकलेलं आहे, विकत आणलेलं आहे. त्याच्यावर कुणाची नजर पडायचं कारण नाही, आणि जे कुणी आधीची तीन घेऊन गेलं त्याला या घरात नेण्यासारखं काही सापडणार नाही. उकिरड्यावर ठेवलेला तो उकंडा, कचऱ्यातला तो कचरू, भिक्षेत मिळालेला भिकू, मुलगी भासावी म्हणून नाक टोचलेला नथ्थू. विकत घेतलेला तो कवडू. ही नावं एकाच कुळातली आहेत. जो जितका नवसाचा, तितकं त्याचं नाव टाकाऊ. किंमत मुद्दाम कमीत कमी सांगायची, कारण ऐकणाऱ्याला खरी किंमत कळू द्यायची नव्हती.

व्यवहार खोटा असला तरी तो पाळला जायचा. आजी म्हणाली की त्या सुईणीला पणजोबांच्या लग्नात पहिलं लुगडं नेसवलं, आणि ती जिवंत असेपर्यंत पणजोबा पोळ्याच्या दिवशी तिच्या पाया पडायला जायचे. तिला ते 'इकती माय' म्हणत.

आता ते घर पाहायला जायचं म्हटलं तरी जाता येत नाही. गाव अंभोऱ्याच्या बाजूचं, कुही तालुक्यातलं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात त्या पट्ट्यातली बरीच गावं गेली, त्यात हेही गेलं. पुनर्वसनाच्या नव्या वस्तीत चुलत घरची माणसं आहेत, पण उकिरडा, सुईणीची वाट, सगळं वैनगंगेखाली. कवडूला याचं फार वाईट वाटलं. त्याला ती जागा बघायचीच होती. उरलेली वस्तू एकच होती आणि ती आजीच्या कुंकवाच्या जुन्या डबीत सापडली : ती कवडी. पिवळट, नखाएवढी, वरून इतकी झिजलेली की चमक पार गेलेली. पाठीचा फुगीर भाग घासून तिथे भोक पाडलेलं, त्यात काळ्या दोऱ्याचा तुटका गाठीचा तुकडा अडकलेला. पणजोबांच्या कमरेला ती लहानपणी बांधलेली असायची.

त्याने विचारलेला पुढचा प्रश्न

प्रकरण इथे संपलं असतं तर ते एका छान गोष्टीसारखं झालं असतं. पण मुलं हिशेब पक्का करतात. पणजोबांच्या आधी तीन भावंडं गेली म्हणून ते कवडू. मग मी कवडू का? नुसतं त्यांचं नाव म्हणून? तसं असेल तर ते बाबांना किंवा मोठ्या काकांच्या मुलाला का नाही दिलं? काकांचा मुलगा याच्याहून मोठा आहे, त्याचं नाव सौरभ.

हा प्रश्न त्याने घरी जेवताना विचारला. "माझ्या आधी पण कोणी होतं का?" आई ताटावरून उठून गेली. दुसऱ्या दिवशी तिने मला फोन केला, आणि मग आई, वडील व आजी तिघंही शाळेत आले.

कवडूच्या आधी दोन मुलं झाली होती. पहिली मुलगी सातव्या महिन्यात पोटातच गेली. दुसरा मुलगा नऊ दिवस जगला. तिसऱ्या वेळी कवडू एकतिसाव्या आठवड्यात झाला, वजन तेराशे ग्रॅम, आणि पाच आठवडे काचेच्या पेटीत होता. आजीने त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, तिथल्या एका आयाबाईला गाठून, जे तिच्या सासरघरी १९२१ साली केलं होतं तेच पुन्हा केलं. उकिरडा नव्हता, सूप नव्हतं, बाळाला पेटीतून बाहेर काढायची सोय नव्हती. आयाबाईने काचेवर हात ठेवून 'हे माझं' म्हटलं आणि आजीने डबीतली कवडी देऊन ते विकत घेतलं. कवडी आयाबाईने लगेच परत दिली, त्याऐवजी एकवीस रुपये घेतले. आईला हे कळलं ते बारशाच्या दिवशी. तिने नाव 'अर्णव' ठरवलं होतं. सासूबाईंनी पाळण्यात कवडू म्हटलं आणि कुणाची 'नाही' म्हणायची हिंमत झाली नाही, कारण पोरगं जगलं होतं.

घरात त्या दोन बाळांचा विषय निघत नसे. त्यांचे फोटो नाहीत, नावं नाहीत, तारखा आईशिवाय कुणाला आठवत नाहीत. पणजोबांचं नाव आहे हे अर्धं उत्तर सगळ्यांना सोयीचं होतं, कारण उरलेलं अर्धं सांगायचं तर त्या दोघांबद्दल बोलावं लागलं असतं. बारा वर्षं नावाची लाज मुलाला वाटत होती आणि घरच्यांना वेगळ्याच गोष्टीचं दुःख होत होतं. दोन्हींचा संबंध कुणी जोडला नव्हता.

मुलाला हे सांगायचं की नाही यावर तिघांचं एकमत नव्हतं. वडिलांना वाटत होतं, लहान आहे, मनावर घेईल. मी सांगा म्हटलं, त्याची दोन कारणं. एक, त्याने प्रश्न विचारून झाला होता आणि आईचं उठून जाणं हेच त्याला अर्धं उत्तर होतं. उरलेलं तो स्वतःच्या मनाने भरणार, आणि अशा वेळी मुलं बहुधा स्वतःलाच दोषी धरतात. दोन, सांगणारी आई असावी, आजी नाही. आजीच्या सांगण्यात नजर, सटवी, विकत घेणं हे सगळं आलं असतं, आणि मुलाच्या डोक्यात 'मी कवडू आहे म्हणून जगलो' असं बसलं असतं. ते खरं नाही. तो जगला काचेच्या पेटीमुळे, नळीतून दिलेल्या दुधामुळे, रात्रपाळीच्या नर्सेसमुळे. आजी हे ऐकून जराही रागावली नाही. म्हणाली, "मले बी माईत हाय बाई. पन तवा मले करासारखं दुसरं काय होतं तिथं?"

आईने घरीच सांगितलं. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. एवढं कळलं की त्याने त्या नऊ दिवसांच्या भावाचं नाव विचारलं. नाव ठेवलंच नव्हतं हे ऐकून तो जास्त हळवा झाला. कोतवाल बुकातल्या रकान्यासारखं, 'मुलगा' एवढंच.

वर्गात

वर्गात मी 'नावांचं महत्त्व' असलं काही व्याख्यान दिलं नाही. चिडवणाऱ्या मुलांना समोर बसवून त्याची करुण कहाणी ऐकवणं तर अजिबात नाही. मेलेल्या भावंडांची गोष्ट वर्गाच्या मालकीची नव्हती आणि कवडूलाही ती कुणाला सांगायची नव्हती. दोन साध्या गोष्टी केल्या. बाकावरचा मथळा खरवडून काढायचं काम ज्यांनी तो चिकटवला त्यांनाच दिलं. आणि मराठीच्या बाईंनी सुट्टीतला प्रकल्प म्हणून 'घरातल्या सर्वांत जुन्या माणसाचं नाव आणि ते का ठेवलं' हे विचारून आणायला सांगितलं, सगळ्या वर्गाला.

त्या प्रकल्पात जे निघालं त्याची मला कल्पना नव्हती असं नाही, पण ते इतक्या सरळ येईल असं वाटलं नव्हतं. कवडूने पणजोबांची सुपाची आणि उकिरड्याची गोष्ट लिहिली, चांगली दोन पानं, तारखांसकट. पोरांनी ती कान देऊन ऐकली. मग सिद्धार्थ नावाच्या मुलाने आपली वाचली. त्याच्या पणजोबांचं नाव कचरू होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली तेव्हा ते तिथे होते. घरी परतल्यावर त्यांनी ते नाव टाकलं आणि आपलं नाव आनंद ठेवलं. सिद्धार्थने शेवटी लिहिलं होतं, 'आमच्या घरी ते जुने नाव कोणी घेत नाही.' आणि मग वर पाहून म्हणाला, "मॅम, कवडूच्या पणजोबांना तिने उकिरड्यावरून उचललं ना, ती सुईण कोण होती?"

कवडूला ते माहीत नव्हतं. आजीला माहीत होतं, आणि तिने पुढे सांगितलंही, की सुईण महारवाड्यातली होती. बऱ्याच गावांत तसंच असायचं, ते काम त्यांच्याकडेच होतं. आणि या चालीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, जी गोष्ट रंगवून सांगणारे गाळतात : जिच्या हातात मूल दिल्याने ते 'टाकाऊ' ठरतं, ती बाई गावाच्या लेखी तशीच होती, म्हणून तर युक्ती चालायची. एका घरात कचरू, कवडू ही नावं लाडाने, भीतीने, काही काळाच्या ढोंगासाठी ठेवलेली. दुसऱ्या घरात तेच नाव मालकाच्या तोंडची हाक म्हणून आयुष्यभर पुरलं. त्याने ते १९५६ साली फेकून दिलं यात कुळाचा अनादर कुठेच नाही. म्हणून नावामागची गोष्ट कळली की नाव आपोआप सुंदर होतं, असं मी कुठल्याही मुलाला सांगत नाही. लुगडं आणि पाया पडणं खरं होतं, आणि सुईण घरात कुठवर येऊ शकत होती हेही खरंच होतं. कवडूने हा दुसरा भाग आपल्या दोन पानांत नंतर पेन्सिलने जोडला. कुणी सांगितलं नव्हतं.

चिडवणं थांबलं का? कमी झालं, थांबलं नाही. 'कळमन्याचा भाव' बंद झाला, कारण कवडूने एकदा उत्तर दिलं : "एक कवडी. शंभर वर्षं झाली, भाव वाढला नाही. घेतो का?" मागचा बाक हसला, पण या वेळी सवाल विचारणाऱ्यावर. अशा थट्टेची मजा समोरच्याच्या गप्प होण्यात असते. ते गेलं की सवाल विचारणारा स्वतःच उघडा पडतो. 'फुटकी कवडी' अजून अधूनमधून ऐकू येतं. कबड्डीच्या संघात तर त्याला 'कवडी' हीच हाक आहे आणि तिथे तो वळून पाहतो. गणिताच्या सरांनी सांगितलं की हजेरीला आता तो आपलं नाव येईपर्यंत थांबतो. वह्यांवर मात्र अजून 'के.' आहे. ते मी बदलायला सांगितलेलं नाही.

नावाचा निर्णय बाकी आहे. आईने कबीरचा आग्रह सोडलेला नाही आणि तिचा हक्क मला मान्य आहे. बारशाच्या दिवशी तिला कुणी विचारलंच नव्हतं. आजी म्हणते, पोरगं तेरा वर्षांचं झालं, आता नाव बदललं तरी काही बिघडत नाही, चालीचं काम संपलं. वडील दोघींच्या मध्ये आहेत. ठरलं आहे ते एवढं, की दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मआधी, म्हणजे नववीच्या उन्हाळ्यात, कवडू स्वतः सांगेल आणि जे सांगेल त्याप्रमाणे काका कागद करतील. काकांनी त्याला एकच सूचना देऊन ठेवली आहे : नाव बदललं तर राजपत्राची मूळ प्रत त्या निळ्या फाईलमध्ये ठेवायची, नाहीतर पुढे त्याच्या नातवाला वंशावळ जुळवताना त्रास होईल.